टाकून दिलेल्या ओळी

ताईचा हात टेबलाला लागला होता.

मी स्क्रीनला नाक लावून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. खुर्ची मागे ओढून लांबून बघितलं. लागलाच होता. डाव्या हाताची चार बोटं, टेबलाच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. किती वेळ? सेकंदाचा पन्नासावा भाग. त्याच्या आधीच्या चित्रात हात हवेत, नंतरच्या चित्रात हात हवेत, आणि मधल्या एकाच चित्रात आमचे बाबा खरे.

"अहो," मी मेकॅनिकना हाक मारली. "अहो, इकडे या जरा."

आमच्या दुकानात माणसं दोनच. सायकलींच्या दुकानावरचा पहिला मजला, एक खोली, एक माळा. जुने व्हीसीआर आणि कॅमेरे जिवंत ठेवायचं काम मेकॅनिकचं, आणि टेपवरचं कॉम्प्युटरवर घेऊन ते स्वच्छ आणि मोठं करायचं काम माझं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अहो म्हणतो. ते मला शहाण्या म्हणतात, आणि त्यात कौतुक काडीचं नसतं.

ते हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच घेऊन आले आणि वाकून बघू लागले. 

"हा तोच सामना?" त्यांनी विचारलं.

"तोच."

"आणि गेल्या महिन्यात बाबांनी जो बघितला, त्यात हात लागलेला नव्हता."

"नव्हता."

"झालं तर मग," ते म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी."

मला त्यांचा राग आला. आला म्हणजे काय, रागच आमच्या घराण्याचा धंदा आहे. पण या वेळी राग कुणावर काढायचा हेच कळेना, कारण ही फाशी मीच दिली होती.

आता सगळं सांगतो. एकतीस वर्षांपूर्वी ताई टेबल टेनिस खेळायची. नुसती खेळायची नाही, पुढे राष्ट्रीय संघात जाणार असं सगळे म्हणायचे. आमच्या शहराच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, आणि ती जिंकणारी मुलगी निवड चाचणीला जाणार होती. ठरलेले पंच ऐन वेळी आजारी पडले. बाबा पंच म्हणून इतके काटेकोर की समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकानेच सांगितलं, तुम्हीच बसा, मुलगी तुमची असली तरी आमचा भरवसा आहे. आणि आमचे बाबा बसले. कुठलाही दुसरा बाप पोट दुखतंय म्हणून घरी गेला असता.

शेवटचा गेम, ताई एकवीस, समोरची वीस, आणि जिंकायला दोनचा फरक लागतो. एक पॉइंट मिळाला की ताई विजेती. समोरचीने चेंडू अगदी जाळीजवळ टाकला, ताई पुढे झेपावली आणि तिने तो असा फिरवला की समोरचीची बॅटही पोचली नाही. हॉल उठून उभा राहिला. आणि बाबांनी मूठ वळून डावा हात वर केला, म्हणजे पॉइंट समोरचीला दिला. खेळताना रिकामा हात टेबलाला लागला की पॉइंट जातो, असा नियम आहे. बाबा म्हणाले, लागला. ताई म्हणाली, नाही. बाकी कुणीच काही बघितलं नव्हतं. एकवीस-एकवीस झालं, पुढचे दोन पॉइंट ताईने रडत घालवले, आणि त्या दिवसानंतर तिने बॅट हातात धरली नाही.

बाबांशी बोलणंही त्याच दिवशी बंद झालं. एकतीस वर्षं. लग्नात नमस्कार केला तोही बाबांच्या बुटांकडे बघून. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, वाचा गेली, उजवा हात गेला, तेव्हा ती दवाखान्यात आली, फळं ठेवली आणि गेली. मध्ये मी. हिचा निरोप त्यांना, त्यांची चौकशी हिला. माझं अर्धं आयुष्य या दोघांचा पोस्टमन होण्यात गेलं.

आणि दोन महिन्यांपूर्वी क्लबचं जुनं कपाट आवरताना या सामन्याची टेप निघाली. कुणीतरी कॅमेरा टेबलाच्या बाजूला, जवळजवळ टेबलाच्याच उंचीवर लावून ठेवला होता. म्हणजे ती पांढरी पट्टी समोरच दिसणार. ताईला कळलं तशी ती दिवसाला तीन फोन करायला लागली. "झालं का रे? झालं का?"

मी घाई केली. आणि घाईत गाढवपणा केला.

यात गोम अशी आहे. जुना कॅमेरा सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रं काढत नसे. तो पन्नास अर्धी चित्रं काढायचा. आधी एक आड एक अशा ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. या अर्ध्या चित्राला आम्ही फील्ड म्हणतो. जुना टीव्ही ही अर्धी चित्रं त्याच क्रमाने दाखवायचा, डोळ्याला कळायचं नाही. पण कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये दोन अर्ध्यांचं मिळून एक चित्र विणलेलं असतं. भिंत, टेबल, खुर्ची ठीक दिसतात. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला मात्र कंगव्यासारखे दात येतात, कारण ती वस्तू दोन क्षणी दोन ठिकाणी असते. म्हणून चित्र मोठं करायच्या आधी हे विणकाम उसवावं लागतं. तसंच मोठं केलं तर मोठं करणारा प्रोग्रॅम त्या दातांनाच खरी नक्षी समजतो आणि कोरून काढतो. आधी कळस मग पाया, असा तो प्रकार.

तेवढं मला कळत होतं. उसवायचंही होतंच. प्रश्न होता, कसं. मेकॅनिक टेप आली त्याच दिवशी म्हणाले होते, "शहाण्या, पन्नासच्या पन्नास ठेव. खेळाचा व्हिडिओ आहे."

"रात्रभर मशीन चालेल हो त्याला," मी म्हणालो. "पंचवीसच ठेवतो. प्रत्येक जोडीतलं पहिलं अर्धं घ्यायचं, दुसरं टाकून द्यायचं. दात आपोआप जातात. फरक कुणाला कळतो?"

"मूळ फाइल तरी ठेव. पुसू नकोस."

"जागा किती खाते!"

"ठेव म्हणतो ना!"

ठेवली. त्यांच्या आवाजाला घाबरून ठेवली, अक्कल म्हणून नाही.

ताईचा तो शॉट मी तेव्हाही थांबवून बघितला होता. डाव्या हाताजवळ, पांढऱ्या पट्टीवर, दात दिसत होते. एक ओळ हाताची, एक ओळ पट्टीची, परत हाताची. मी म्हटलं, कचरा. दुसरं अर्धं टाकून दिलं आणि पट्टी एकदम स्वच्छ झाली. मग राहिलेल्या अर्ध्या ओळी त्या मोठं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. त्याला निम्मी माहिती मिळाली, उरलेली त्याने मनाने भरली, आणि काय सुरेख भरली! बोटं वेगळी, पट्टी वेगळी, मध्ये बोटभर फट, खाली चक्क सावली. कुठल्याही कोर्टाने मान्य करावं असं चित्र.

ते मी ताईला दिलं. ती बाबांच्या घरी आली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून आली, आणि टीव्हीवर तेच चित्र लावून बाजूला उभी राहिली. बाबांनी ते चार वेळा बघितलं. मग डाव्या हाताने पेन्सिल मागितली, आणि दहा मिनिटं घेऊन वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "माझं चुकलं." ताईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. मला वाटलं, घर जोडलं मी.

त्यानंतर बाबांनी क्लबच्या लोकांना भेटणं सोडलं. संध्याकाळी खिडकीत बसायचे तेही बंद केलं. मी म्हटलं, वय झालं. असं आपण किती सहज म्हणतो!

आता येत्या रविवारी क्लबचा वर्धापनदिन होता. ताईला तो पॉइंट तिथे पडद्यावर दाखवायचा होता, बाबांच्या वेळचे सगळे पंच समोर बसलेले असताना. तेही स्लो मोशनमध्ये. पंचवीस चित्रांचं स्लो मोशन ठेचकाळत चालतं, म्हणून मी मूळ फाइल परत काढली, की या वेळी पन्नास करू. लाज राखली ती त्या स्लो मोशनने.

सकाळी पहिल्यांदा केलं तेव्हा चेंडू दोन पावलं पुढे, एक मागे, असा झोकांड्या खात जाळीपलीकडे गेला. "दारू पिऊन आलाय का तो?" मेकॅनिक आपल्या टेबलावरूनच ओरडले. अर्ध्यांचा क्रम मी उलटा दिला होता. आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. क्रम बदलला, चेंडू सरळ गेला. मग आमच्याकडची सगळ्यात चांगली पद्धत लावली, जी मागच्यापुढच्या क्षणांतली हालचाल ओळखून मधल्या ओळी भरते. हात लोण्यासारखा सरकायला लागला. मी एकेक चित्र पुढे नेत होतो. वर, खाली, आणखी खाली, आणि तिथे ती बोटं.

मेकॅनिक अजून वाकलेलेच होते. "ही पद्धतसुद्धा अंदाज करते," ते म्हणाले. "ही बोटं तिने भरलेली नाहीत कशावरून? एकदा तोंड पोळलंय तुझं."

बरोबर होतं. मी सगळी भरणी बंद केली. नुसती फील्ड सुटी केली, टेपवर होती तशी. अर्ध्याच ओळी, चित्र दाबल्यासारखं बुटकं, सुंदर अजिबात नाही. पण यात कुणाच्या मनाचं काही नाही. एक फील्ड: हात धुरकट, हवेत. दुसरी: हात थांबलेला, म्हणून स्पष्ट, बोटं वाकलेली, बोटांखाली पांढरी पट्टी तुटलेली. तिसरी: पट्टी अखंड, हात पुन्हा धुरकट. आणि ती दुसरी फील्ड म्हणजे नेमकं जोडीतलं दुसरं अर्धं. जे मी टाकून दिलं होतं.

ते दात कचरा नव्हते. बाबांनी साध्या डोळ्यांनी जे बघितलं होतं, तेच ते दात होते, आणि मी ते घासून पुसून साफ केलं होतं.

"ताई बाराला येणार आहे," मी म्हणालो. "घ्यायला."

"मग मी खाली चहाला जातो," मेकॅनिक म्हणाले. दारात थांबले. "तोंड उघडशील ना?"

"उघडीन."

ताई बाराला पाच कमी असतानाच आली. जिने चढून दम लागला होता, पण चेहऱ्यावर एकतीस वर्षांत न बघितलेलं हसू. "दाखव."

मी सुटी केलेली फील्ड लावली आणि माउस तिच्या हातात दिला. "गेल्या वेळी मी पन्नासातली निम्मी टाकून दिली होती. तूच पुढे ने."

तिने एक नेली. दुसरी नेली. थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. आता ही ओरडणार, मला म्हणणार की तू बदललंस, बाबांनी तुला फितवलं. माझी उत्तरं तयार होती. मूळ फाइल, टेप, सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं.

ती खाली बसली. "लागला होता," ती म्हणाली. "मला माहीत होतं."



"माहीत होतं म्हणजे?"

"हात कुणाचा होता? माझाच ना? मला कळणार नाही होय?"

"एकतीस वर्षं!" माझा आवाज चढला. "एकतीस वर्षं तू त्या माणसाला..."

"ओरड. मला ओरडायलाच हवंय कुणीतरी." ती स्क्रीनवरून नजर हलवेना. "सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. कुणीही बघितलं नव्हतं. बाबांनी बघितलं आणि मी. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, बाप आहे, सोडून देईल. त्यांनीही माझ्याकडे बघितलं रे. मी स्वतःहून सांगेन म्हणून थांबले होते ते, आता कळतं. मी नाही सांगितलं. मग त्यांनी हात वर केला. आणि मी 'नाही लागला' म्हणाले. एकदा बोलले, मग मागे कशी येणार? आधी लोकांना सांगितलं, मग नवऱ्याला, मग मुलांना. सांगून सांगून मलाच वाटायला लागलं, नसेल लागला."

"आणि मग माझा व्हिडिओ," मी म्हणालो.

"आणि मग तुझा तो मेला व्हिडिओ!" आता तीच ओरडली. "त्यात हात वर होता! फट दिसत होती, सावली दिसत होती! मी म्हटलं, म्हणजे मी खोटारडी नव्हतेच कधी. म्हणजे माझ्या बोटांना जे लागलं तो भास होता. मी सुटले होते रे गाढवा. महिनाभर मला झोप लागत होती."

मला एकच गोष्ट सुचत होती, आणि ती भयंकर होती. तरी बोललो. "ताई, बाबांनाही तसंच वाटलं असणार. त्यांनीही डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मी त्यांना सांगितलं की तुमचे डोळे खोटे."

ती ताडकन उठली. पर्स खांद्याला लावली. "चल."

"लॅपटॉप घेतो."

"तो डबा राहू दे इथेच. पुरे झाली तुझी चित्रं."

जिन्यात मेकॅनिक भेटले, हातात चहाचा ग्लास. ताईने त्यांना बघितलं आणि थांबून म्हणाली, "रविवारी हेच लावायचं. सगळ्यांसमोर. स्लो मोशन, आणि पन्नासच्या पन्नास. एकही टाकायचं नाही." त्यांनी नुसती मान हलवली.

बाबा जेवायच्या टेबलाशी बसले होते, पडदा ओढलेल्या खोलीत, समोर ताट, अर्धं जेवलेलं. ताईला बघून त्यांनी घाईघाईने मान खाली घातली. कोर्टात आरोपी घालतो तशी. आमचे बाबा, ज्यांनी आयुष्यात कुणासमोर मान खाली घातली नाही.

ताईने ताट बाजूला सरकवलं. त्यांच्या समोरची खुर्ची ओढली नाही. ती टेबलाच्या उजव्या टोकाला गेली, त्या दिवशी ती बाबांच्या उजवीकडेच खेळत होती, आणि तिथे उभी राहिली. पर्समधून तो कागद काढला, "माझं चुकलं" लिहिलेला, आणि टेबलावर ठेवला. मग पुढे वाकली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखतात, तरी जाळीजवळचा चेंडू घ्यायला वाकावं तशी वाकली, आणि डाव्या हाताची चार बोटं टेबलाच्या कडेवर टेकवली. टेकवली आणि तशीच ठेवली.

बाबांनी वर बघितलं. आधी बोटांकडे. मग तिच्या तोंडाकडे. पुन्हा बोटांकडे. त्यांचे ओठ हलायला लागले, आवाज नव्हता. मला वाटलं, आता यांना पुन्हा काही होतंय, मी पुढे सरकलो. ताईने मला नजरेनेच थांबवलं.

"लागला, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाही लागला होता. तुम्ही बघितलंत ते खरं. मला माहीत होतं."

बाबा ताठ बसले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी डावा हात उचलला, तोच एक हात त्यांना उरला होता, मूठ वळली, आणि खांद्याइतका वर नेला. डावीकडे. समोरच्या मुलीचा पॉइंट.

"हो," ताई म्हणाली. "तिचाच."

तो हात ते खाली घेईनात. मग ताई टेबलाला वळसा घालून आली, तो हात धरून खाली घेतला, आणि सोडला नाही.